पावसाळ्यात बुटामुळे होणाऱ्या चिखल्या दरवर्षी परत का येतात, ट्यूब कुठली आणि किती दिवस लावायची

प्रश्न: मी बदलापूरहून अंबरनाथ एमआयडीसीत जातो, बारा तास सेफ्टी शूज असतात, काढता येत नाहीत. जून लागला की करंगळीच्या बेचक्यात पांढरं होऊन सालपटं निघतात, खाज येते, वास येतो, मग चिरतं. मेडिकलवाला एक ट्यूब देतो, तीन-चार दिवसांत आराम पडतो पण पंधरा दिवसांनी परत तेच. चार वर्षं हेच चाललंय. कायमचं कसं जाईल?

उत्तर:

आधी ती ट्यूब हातात घ्या आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं एक जरी नाव दिसलं तरी तुमच्या चार वर्षांचं अर्धं उत्तर तिथेच आहे. ही सगळी स्टिरॉइडं. आपल्याकडे मेडिकलमध्ये खाजेची ट्यूब म्हणून जे मिळतं त्यात बऱ्याचदा एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध असं सगळं एकत्र कालवलेलं असतं. स्टिरॉइड खाज आणि लाली दोन दिवसांत दाबतं, माणसाला वाटतं वा काय औषध आहे, पण ते त्या जागेची प्रतिकारशक्ती पण दाबतं, त्यामुळे बुरशी आत आरामात वाढत राहते आणि ट्यूब बंद केली की दुप्पट जोराने वर येते. म्हणजे तुमचं "तीन-चार दिवसांत आराम आणि पंधरा दिवसांत परत" हे अगदी पुस्तकातल्यासारखं चित्र आहे. वर्षानुवर्षं लावली तर बेचक्यातली कातडी पातळ होते आणि मग साध्या घासण्याने पण चिरते. २०१८ पासून यातली बहुतेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी नाही, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला मला दोघांना माहितीये.

आता मूळ आजार. लोक सगळ्यालाच चिखल्या म्हणतात पण त्यात दोन वेगळे टप्पे असतात आणि दोन्हीला औषध वेगळं लागतं, हे कळलं की बाकी सगळं सोपं आहे.

पहिला टप्पा कोरडा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधली जागा पायात सगळ्यात चिंचोळी असते, बुटात दोन्ही बोटं एकमेकांना चिकटून बसतात, घाम सुकायला वावच नाही, म्हणून जवळजवळ नेहमी सुरुवात तिथूनच होते. ओल राहिली की कातडीचा वरचा थर फुगतो आणि बुरशीला आत शिरायला जागा मिळते. ही बुरशी गजकर्ण-नायट्याच्याच घराण्यातली, बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम नावाची. ती मेलेल्या कातडीतलं केराटिन खाऊन जगते. या टप्प्यात नुसती सालपटं निघतात, थोडी खाज येते, कधीकधी काहीच त्रास नसतो आणि माणूस लक्षच देत नाही. तुमच्या बाबतीत मला खात्रीच आहे की मार्च-एप्रिलमध्ये पण तिथे थोडी सालपटं असणार, तुम्ही बघितलं नसेल एवढंच. म्हणजे आजार जूनमध्ये सुरू होत नाही, जूनमध्ये भडकतो.

दुसरा टप्पा ओला. बुरशीने आधीच खिळखिळी केलेली कातडी, वरून पावसाचं पाणी आणि बारा तासांचा बूट, मग तिथे बॅक्टेरियांची गर्दी होते. कातडी पांढरीफट्ट, लिबलिबीत होते, बोट फाकवलं की चिर दिसते, खाजेपेक्षा आग आणि दुखणं जास्त, आणि तो वास. वास हा बुरशीचा नसतो, बॅक्टेरियांचा असतो, म्हणून वास सुरू झाला की समजायचं टप्पा बदलला. हिरवट डाग मोज्यावर दिसला तर त्यात स्यूडोमोनास नावाचा बॅक्टेरिया घुसलाय अशी शंका घ्यायची, मग घरगुती काही करत बसू नका, दाखवाच.

यात एक गंमत अशी की या ओल्या टप्प्यात कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितली तर बुरशी बऱ्याचदा दिसतच नाही, कारण बॅक्टेरिया तिला मागे सारतात. मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि पेशंटला वाटतं बुरशी नाहीच. चार-पाच दिवस पाय कोरडा केला आणि मग कडेच्या कोरड्या सालपटातून नमुना घेतला तर तीच बुरशी सापडते. तपासणी साधीच आहे, सालपट काचेवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, थोडा वेळ थांबून बघतात, खर्च किरकोळ. मी मुद्दाम सांगतोय कारण दर वर्षी परत येणाऱ्याने एकदा तरी ही करून घ्यावी. बेचक्यात पांढरं दिसणारं सगळंच बुरशी नसतं, करंगळीच्या बेचक्यात मऊ कुरूप होतं ते पण ओलं पांढरंच दिसतं, फक्त ते एकाच ठिकाणी असतं आणि दाबलं की टोचल्यासारखं दुखतं. एरिथ्रास्मा म्हणून एक निव्वळ बॅक्टेरियाचा प्रकार आहे, त्यावर स्किनच्या डॉक्टरकडचा वूड्स लॅम्प मारला की पोवळ्यासारखा लालसर उजेड दिसतो, त्याला अँटिबायोटिक लागतं, नुसत्या बुरशीच्या ट्यूबवर विसंबून चालत नाही.

उपचार कसा करायचा ते एका पेशंटच्या उदाहरणाने सांगतो म्हणजे क्रम कळेल. सोसायटीचे वॉचमन, पन्नाशीच्या जवळपासचे, काळे चामडी बूट आणि नायलॉनचे मोजे, रात्रपाळी. आले तेव्हा दोन्ही पायांच्या शेवटच्या दोन बेचक्यात पांढरं, उजव्या पायात खोल चिर, वास एवढा की बूट काढायला लाजत होते. त्यांच्याकडे पण तीच तीन-चार औषधांची मिक्स ट्यूब. ती आधी बंद केली. बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज वाढेल हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर लोक घाबरून परत तीच लावतात.

पहिले चार दिवस बुरशीची ट्यूब दिलीच नाही, फक्त कोरडं करणं. पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे मिळतात, त्याचे अगदी दोन-चार बारीक कण टबभर पाण्यात पूर्ण विरघळवायचे, पाणी फिकट गुलाबी झालं पाहिजे, जांभळं झालं म्हणजे जास्त झालं, त्याने कातडी भाजते. आणि न विरघळलेला खडा पायाला चिकटला तर तिथे जखमच होते, म्हणून आधी मगात विरघळवून मग टबात ओतायचं. टब प्लॅस्टिकचा जुना घ्या, डाग पडतो, नखं पण तपकिरी होतात, ते काही दिवसांनी जातं. दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवायचे, दिवसातून दोनदा, मग टिपून कोरडं करायचं, घासायचं नाही, आणि बोटांच्या मध्ये सुती गॉजची घडी किंवा स्वच्छ मलमलीच्या कापडाची पट्टी ठेवायची म्हणजे बोटं एकमेकांना चिकटत नाहीत. ही पट्टी लोकांना क्षुल्लक वाटते पण माझ्या मते निम्मं काम तीच करते. ओली झाली की बदलायची. चिर खोल होती म्हणून त्यांना अँटिबायोटिक मलम पण दिलं होतं, ते कुठलं ते पाय बघून ठरतं म्हणून इथे नाव सांगत नाही.

चार दिवसांनी ओल गेली, वास गेला, चिर भरत आली, आता सालपटं दिसायला लागली. म्हणजे दुसऱ्या टप्प्यातून पहिल्या टप्प्यावर आलो. खडे बंद, कारण कोरडं झाल्यावर पण तेच करत राहिलं तर कातडी जास्त सुकून परत तडकते. आणि आता कुठे बुरशीची साधी ट्यूब, एकच औषध असलेली. टर्बिनाफिन १ टक्का, क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा ल्युलिकोनॅझोल १ टक्का, यातली कुठलीही चालते पण नुसतं तेच नाव हवं, पुढे अधिक-अधिक करून दुसरी नावं नकोत. टर्बिनाफिन या बुरशीवर जोरदार आहे, क्लोट्रिमॅझोल जरा हळू पण कॅन्डिडा नावाच्या यीस्टवर आणि काही बॅक्टेरियांवर पण थोडं चालतं, म्हणून अजून थोडी ओल असेल तर मी क्लोट्रिमॅझोलकडे झुकतो. वॉचमनना तेच दिलं.

किती दिवस हा खरा प्रश्न. टर्बिनाफिनच्या कागदावर बेचक्यासाठी एक आठवडा लिहिलेला असतो, ल्युलिकोनॅझोल दिवसातून एकदा दोन आठवडे, क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा चार आठवडे. आपल्याकडचा पाऊस आणि बूट बघता मी टर्बिनाफिन पण किमान दोन आठवडे आणि बरं दिसायला लागल्यावर वर अजून एक-दोन आठवडे असं सांगतो. कारण असं की खाज थांबते पहिल्या आठवड्यात, पण बुरशी कातडीच्या मेलेल्या थरात बसलेली असते आणि तो थर पूर्ण गळून नवा यायला साधारण महिना जातो, तळव्याला त्याहून जास्त. म्हणजे खाज थांबली म्हणून ट्यूब कोपऱ्यात टाकली की उरलेली बुरशी परत पसरते.

लावायची पद्धत पण बघा. बहुतेक जण जिथे पांढरं दिसतं तेवढ्याच बेचक्यात बोटाने चोपडतात. लावायचं दोन्ही पायांच्या सगळ्या बेचक्यात, बोटांच्या खालच्या बाजूला आणि तळव्याच्या पुढच्या भागावर. एका पायाला हरभऱ्याएवढं क्रीम पुरतं, ते पातळ पसरवून जिरवायचं, थापायचं नाही, बेचक्यात पांढरा थर उरला तर तो स्वतःच ओल धरून ठेवतो. आंघोळीनंतर पाय कोरडा करून दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा आणि मग लावा, लगेच मोजा घालू नका. रात्रीचं लावणं चुकवू नका, कारण तेव्हाच पाय सात-आठ तास उघडा असतो.

वॉचमनची गोष्ट इथे संपत नाही, कारण त्यांची साखर तपासली तर ती वाढलेली निघाली, त्यांना माहितीच नव्हतं. दरवर्षी परत येणाऱ्या, खोल चिरा पडणाऱ्या माणसाची साखर मी तपासायला सांगतोच. तुम्ही पण एकदा उपाशीपोटी आणि जेवणानंतरची करून घ्या.

आता बूट, कारण औषध बरोबर असलं तरी त्याच ओल्या बुटात पाय घातला तर काही उपयोग नाही. बुरशीचे बीजाणू बुटात, आतल्या सोलमध्ये महिनोन्महिने टिकतात. तुमचं काम असं आहे की बूट काढता येत नाही, मग जिथे हातात आहे तिथे करा. सगळ्यात मोठा फरक पडेल तो प्रवासात. बदलापूर स्टेशन, लोकल, मग शेअर रिक्षा, या सगळ्यात सेफ्टी शूज घालून जाऊच नका. रबरी सँडल घालून जा, बूट पिशवीत, आणि कंपनीत पोचल्यावर पाय धुवून, नॅपकिनने प्रत्येक बेचकं पुसून मग मोजे-बूट चढवा. नाहीतर सकाळी सातला भिजलेला मोजा संध्याकाळी सातपर्यंत पायात, आणि हे असं रोज.

मोजे तीन जोड्या तरी पाहिजेत रोज फिरत्या. एक घालायला, एक जेवणाच्या सुट्टीत बदलायला, एक घरी वाळत. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं बूट काढता येत असेल तर तेवढ्यात मोजा बदला, पाय पुसा, बाकी काही नाही केलं तरी एवढं करा. शंभर टक्के सुती मोजा चांगला असं सगळे सांगतात पण बारा तास घाम येणाऱ्या पायाला तो ओल धरून बसतो, स्पोर्ट्सचे ओल बाहेर खेचणारे मोजे मिळतात ते बरे. सुती असेल तर बदलायचं प्रमाण वाढवा. शुद्ध नायलॉनचे मात्र नको. धुताना गरम पाण्यात, मशीनला ६० अंशाची सोय असेल तर त्यावर, कोमट पाण्याने बीजाणू मरत नाहीत. पावसात वाळत नाहीत हे माहितीये, मग इस्त्री फिरवा, आतून-बाहेरून, पूर्ण सुकेपर्यंत. अर्धवट ओला मोजा "पायात सुकेल" म्हणून घालणं हे मला दर जुलैत ऐकायला मिळतं.

बुटाच्या दोन जोड्या असतील तर एक दिवसाआड घाला, चामड्याचा बूट आतून सुकायला कमीत कमी चोवीस तास लागतात, जास्तच. एकच जोडी असेल तर घरी आल्याबरोबर आतला सोल उपसून वेगळा ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी ते ओले बोळे काढून दुसरे टाका आणि रात्रभर पंख्यासमोर. गॅसजवळ ठेवू नका, चामडं तडकतं. सोल दर काही महिन्यांनी बदला, स्वस्त मिळतात. नवीन बूट घ्यायची वेळ आली तर पुढून रुंद घ्या, स्टीलच्या टोपीचे बूट पुढून चेपत असतील तर करंगळीचं बेचकं कधीच सुटणार नाही. गमबुटाबद्दल एक, त्यात पाऊस आत येत नाही हे खरं पण घाम पण बाहेर जात नाही, त्यामुळे दिवसभर गमबूट घालणाऱ्यांना हा त्रास कमी नाही, उलट जास्त बघतो मी.

पावडर. साधी टाल्कम ओल्या बेचक्यात टाकली तर तिचा लगदा होतो आणि तो चिरेत जाऊन बसतो. क्लोट्रिमॅझोलची डस्टिंग पावडर मिळते, ती चिर भरल्यावर, कोरड्या पायावर, मोजा घालण्याआधी हलकी भुरभुरवा आणि थोडी बुटात. ही उपचार म्हणून नाही, पुढच्या चार महिन्यांसाठी. खोबरेल, पेट्रोलियम जेली वगैरे बेचक्यात लावून बूट घालू नका, ओल आत कोंडते. जंतुनाशक द्रव न पातळ करता ओतणारे पण येतात, त्यांचा पाय मूळ आजारापेक्षा त्या भाजण्याने जास्त बिघडलेला असतो.

मेंदीचं कोणीतरी विचारणारच. भातलावणीच्या दिवसांत कोकणात, मावळात बायका ताज्या मेंदीचा पाला वाटून बेचक्यात लावतात, आणि ते काही खुळ्यासारखं नाहीये, मेंदी तुरट आहे, कातडी आवळून कोरडी करते, बुरशीवर पण थोडा परिणाम असतो. पण त्यांच्या चिखल्या दिवसभर चिखलपाण्यात उघड्या पायाने उभं राहून होतात, रात्री पाय कोरडा राहिला की लवकर भरतात. बुटातल्या जुन्या बुरशीला नुसती मेंदी पुरत नाही. आणि लावायचीच तर पाला वाटलेली, बाजारातली काळी मेंदी अजिबात नाही, त्यातल्या रसायनाने पायाला फोड येतात.

घरात टॉवेल वेगळा ठेवा, पाय पुसायचा नॅपकिन वेगळाच. कपडे घालताना आधी मोजे मग अंतर्वस्त्र, उलटं केलं तर पायावरची बुरशी कपड्याबरोबर जांघेत जाते आणि मग तो गजकर्ण पायापेक्षा कितीतरी चिवट असतो, आता तर जांघेत-अंगावर टर्बिनाफिनला दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी आपल्याकडे फोफावलीये. जांघेत ऑलरेडी चट्टे असतील तर हे उत्तर वाचून ट्यूब आणू नका, डॉक्टरला दोन्ही जागा एकदम दाखवा.

वाट न बघता कधी जायचं तेही सांगतो. चिरेपासून पावलावर लाली चढायला लागली, पाय गरम आणि सुजलेला वाटला, जांघेत गाठ दुखली किंवा थंडी वाजून ताप आला तर तो सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या आत पसरलेला बॅक्टेरियांचा संसर्ग, त्याच दिवशी दाखवा. पायाला फुटणाऱ्या सेल्युलायटिसचा शिरकाव बऱ्याचदा याच बारीक चिरेतून होतो, डायबिटीसवाल्याला तर ते महागात पडतं. आणि बेचक्यात चिर असताना तुंबलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं तर लेप्टोचा धोका असतो, घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारून प्रतिबंधक गोळी लागते का ते ठरवा, ताप यायची वाट बघू नका. ही गोळी मनाने घेऊ नका, गरोदर बाईला आणि लहान मुलांना वेगळी लागते.

सगळं नीट करूनही महिन्याभरात परत आलं तर पायाची नखं बघा. अंगठ्याचं किंवा करंगळीचं नख पिवळं, जाड, खालून भुसा पडल्यासारखं झालं असेल तर बुरशी नखात मुक्कामाला आहे आणि तिथून ती बेचक्यात परत परत येते, मग बेचक्यात कितीही क्रीम लावा. नखाला क्रीम पोचत नाही. आधी नखाचा तुकडा तपासून खात्री करायची आणि मग टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, साधारण बारा आठवडे, ती सुरू करण्याआधी लिव्हरची रक्ततपासणी, म्हणून ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. हा कोर्स पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात सुरू केला तरी चालतो, घाई नसते, नख पूर्ण नवीन यायला वर्षभर लागू शकतं. तोपर्यंत बेचक्यासाठी मेच्या शेवटीच सालपटं तपासा आणि दिसली तर पाऊस पडायच्या आधीच साधी ट्यूब सुरू करा.